दोन चकत्या, एक शाफ्ट आणि १,०५५चा तो फसवा आकडा

आमच्या डिप्लोमा कॉलेजच्या लॅबमध्ये एक जुना लोखंडी स्टँड पडून होता, त्यावर गेल्या टर्मला पोरांनी आणि मी मिळून हा जुगाड बसवला. साधाच आहे. एक जाड शाफ्ट, दोन्ही टोकांना घट्ट धरलेला म्हणजे शाफ्ट स्वतः फिरत नाही, आणि त्याच्यावर दोन स्टीलच्या चकत्या, प्रत्येकीला आतून स्वतःचं बॉल बेअरिंग, त्यामुळे दोघी एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या मोकळ्या फिरतात. मोठीचा व्यास ४०० मिमी, छोटीचा ३०० मिमी, जाडी दोघींची ३० मिमी. मधे क्लचचं लायनिंग, आणि एक लिव्हर सोडला की स्प्रिंग छोटीला मोठीवर दाबते. बस. प्रश्न हा की मोठी १,२०० आरपीएमला फिरतेय, छोटी त्याच दिशेने ३००ला, आता लिव्हर सोडला तर दोघी मिळून शेवटी कितीला फिरतील, आणि या भानगडीत एनर्जी किती गेली.

पेपरात हे पाच मार्कांचं गणित असतं आणि पोरं सूत्र लिहून मोकळी होतात. खरं लोखंड समोर असलं की मात्र मजा येते, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

प्रयोगाआधी मी फळ्यावर विचारलं, अंदाज सांगा. एकजण म्हणाला सर ७५०, म्हणजे सरळ मधला आकडा. दुसरा जरा हुशार, तो म्हणाला वजनाच्या प्रमाणात येणार. मोठीचं वजन साधारण २९.६ किलो, छोटीचं १६.६५ (स्टीलची घनता ७,८५० धरून), तर त्याचं उत्तर आलं ८७६. तिसरा पोरगा मागच्या बाकावरचा, तो म्हणाला सर एनर्जी कुठे जात नाही ना, मग आधीची एनर्जी बरोबर नंतरची एनर्जी टाका, आणि त्याने कॅल्क्युलेटरवर काढलं १,०५६. हा आकडा लक्षात ठेवा, कारण यानेच पुढे सगळा घोळ घातला.

वजनाचा हिशोब का चुकतो ते आधी. फिरणाऱ्या वस्तूत किलो किती आहेत यापेक्षा ते किलो मध्यापासून किती लांब आहेत याला जास्त भाव असतो. भरीव चकतीचा इनर्शिया म्हणजे अर्धा गुणिले वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग, आणि जाडी सारखी असेल तर वजनसुद्धा त्रिज्येच्या वर्गानेच वाढतं, म्हणजे एकूण त्रिज्येचा चौथा घात होतो. आमची मोठी चकती छोटीपेक्षा वजनाने पावणेदोन पटीच्या जरा वर भरते, पण इनर्शिया मात्र ३.१६ पट. आकड्यात मोठीचा ०.५९२ आणि छोटीचा ०.१८७ किलो-मीटर वर्ग. पोरांनी लगेच विचारलं की सर मधलं बेअरिंगचं भोक वजा करायचं राहिलं. बरोबर आहे, पण भोक ४० मिमीचं, आणि तोच चौथा घात आता आपल्या बाजूने काम करतो, मोठीच्या इनर्शियात त्या भोकाचा वाटा दहा हजारात एक. सोडून द्या.

आता मेन मुद्दा. क्लच घासतो तेव्हा मोठीला मागे ओढणारा टॉर्क आणि छोटीला पुढे ढकलणारा टॉर्क हे एकच घर्षण आहे, दोन बाजूंनी पाहिलेलं. एकीवर उणे, दुसरीवर अधिक, आणि दोघींवर तेवढाच वेळ. म्हणून मोठीचा जितका अँग्युलर मोमेंटम गेला, मराठीत ज्याला कोनीय संवेग म्हणतात तो, बरोबर तितकाच छोटीला मिळाला. बाहेरून कोणी ढकललं किंवा ओढलं नाही तर बेरीज तशीच राहते. म्हणून

```
I₁ω₁ + I₂ω₂ = (I₁ + I₂)ω
```

यात दोन्ही बाजूंना आरपीएमच टाकले तरी चालतं, कारण रूपांतराचा गुणक सगळीकडे तोच आहे आणि उडून जातो. ०.५९२ गुणिले १,२०० म्हणजे ७१०.४, त्यात ०.१८७ गुणिले ३०० म्हणजे ५६.१, बेरीज ७६६.५, भागिले ०.७७९. उत्तर ९८४ आरपीएम. मी फळ्यावर ९८४ लिहून चौकट केली आणि म्हटलं चला, लावा मशीन.

इथे माझी फजिती झाली. मोठीला फिरवायला आम्ही अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर ठेवलीय, तिच्या टोकाला रबरी चाक, ते चकतीच्या कडेला टेकवायचं आणि स्पीड आला की मोटर बिजागरीवर मागे उचलून घ्यायची. छोटीसाठी हँड ड्रिलला तसंच चाक. चकतीवर चकाकती पट्टी चिकटवलीय, टॅकोमीटर तिच्यावर धरला की आकडा दिसतो. (पुढे जाळीचं गार्ड आहे, ४०० मिमीची चकती १,२००ला फिरते तेव्हा कडेचा वेग सेकंदाला २५ मीटर होतो, तिथे बाही अडकली तर विषय संपला.) पोरांनी स्पीड आणला, लिव्हर सोडला, घर्र असा आवाज आला आणि थांबला, साधारण अडीच-तीन सेकंदांनी टॅकोमीटर बघतो तर १,०५५! मागच्या बाकावरचा पोरगा उभाच राहिला, सर माझं बरोबर. आणि अख्खी बॅच माझ्याकडे बघतेय.

मी क्षणभर गप्प. मग सहज परत आकडा बघितला तर १,०९०, आणि वाढतोय. तेव्हा ट्यूब पेटली. मोटर मागे उचलायची राहिली होती, रबरी चाक अजून कडेला टेकलेलंच होतं. दोन मोकळ्या चकत्या जोडल्यावर त्यांचा स्पीड बेअरिंगच्या घर्षणाने फक्त उतरू शकतो, वाढणं शक्यच नाही, आकडा चढत असेल तर कुठूनतरी कोणीतरी ढकलतंय हे नक्की. त्या अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरचा टॉर्क या स्पीडला मोठीवर जेमतेम ३ न्यूटन-मीटर पडतो, क्लचचा ९ (तो कसा मोजला ते पुढे येतंय), म्हणजे क्लच घासत असताना मोटर मोठीला एक तृतीयांश आधार देत होती, म्हणून ती ९८४पर्यंत उतरलीच नाही, वरच अडकली आणि जोडल्यावर परत १,२००कडे चढायला लागली. वाटेत १,०५५च्या क्षणी आम्ही टॅकोमीटर धरला. निव्वळ योगायोग. पण चुकीच्या सूत्राला चुकीच्या प्रयोगाने पास केलं, असं मी नोकरीत पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या वेळी मोटर आणि ड्रिल दोन्ही उचलून, मगच लिव्हर. या वेळी लिव्हर सोडल्यापासून ३ सेकंदांनी वाचन आलं ९६५. आता पोरगा म्हणतो सर तुमचंही चुकलं, ९८४ कुठंय? म्हटलं थांब, घड्याळ लाव. पुढच्या १० सेकंदांत स्पीड ९६५वरून ९०५ला आला, म्हणजे सेकंदाला ६ आरपीएम बेअरिंग आणि हवा खातेय. ३ सेकंदांचे १८ परत जोडले की ९८३. ९८४ आणि ९८३. त्या दिवशी चहा मी पाजला. खरं तर घासण्याच्या काळात दोन्ही बेअरिंग वेगवेगळ्या स्पीडने फिरतात, त्यामुळे हा सेकंदाला ६चा हिशोब तिथे तंतोतंत लागू नाही, पण इतक्या छोट्या आकड्यात तो फरक टॅकोमीटरला दिसत नाही.

आता एनर्जी. ज्यूलमध्ये काढायची तर आरपीएमचं रेडियन प्रति सेकंद करावंच लागतं, इथे आळस केला तर उत्तर जवळपास ९१ पटीने चुकतं. १,२०० म्हणजे १२५.७, ३०० म्हणजे ३१.४, आणि ९८४ म्हणजे १०३. आधी मोठीकडे ४,६७४ ज्यूल आणि छोटीकडे ९२, मिळून ४,७६६. नंतर दोघींकडे मिळून ४,१३५. गेले ६३१ ज्यूल, तेरा टक्के.

मागच्या बाकावरून लगेच प्रश्न, आणि प्रश्न खरंच चांगला होता: सर मोमेंटम देताना मोठीने जेवढा दिला तेवढा छोटीला मिळाला, मग एनर्जीत असं काय झालं की मधेच गळती? सूत्र दाखवून हे समजत नाही, पॉवर बघावी लागते. मोठी जी पॉवर देते ती टॉर्क गुणिले तिचा स्वतःचा स्पीड. छोटी जी घेते ती तोच टॉर्क गुणिले छोटीचा स्पीड. टॉर्क सारखा पण स्पीड वेगळे, म्हणून देणं जास्त आणि घेणं कमी. लिव्हर सोडल्याच्या पहिल्या क्षणी मोठी ९ गुणिले १२५.७ म्हणजे सुमारे १,१३० वॉट सोडतेय आणि छोटीला पोचतात फक्त २८३, मधले ८४८ वॉट लायनिंगवर गरम होण्यात जातात. जसजसे स्पीड जवळ येतात तशी ही गळती कमी होते आणि दोघी एक झाल्या की शून्य. सगळं मिळून मोठीने १,५३१ ज्यूल दिले, छोटीला ९०० मिळाले, फरक ६३१. हिशोब चोख.

हाच ६३१चा आकडा थेट काढायचं एक सूत्र आहे आणि मला ते जास्त आवडतं कारण त्यात शेवटचा स्पीड लागतच नाही:

```
ΔE = ½ · I₁I₂/(I₁+I₂) · (ω₁ − ω₂)²
```

जरा बारीक बघा यात काय नाहीये. घर्षणाचा गुणांक नाही, स्प्रिंगचा जोर नाही, वेळ नाही. फक्त दोन इनर्शिया आणि स्पीडमधला फरक. म्हणजे क्लच हळू सोडला काय किंवा धाडकन सोडला काय, उष्णता तेवढीच. गाडी चालवणाऱ्यांना हे पटत नाही कारण हाफ क्लचवर गाडी ठेवली की लायनिंग जळतं हे सगळ्यांनी भोगलंय, पण तिथे इंजिन चालूच असतं, ते मागून टॉर्क देत राहतं आणि जितका वेळ घासाल तितकं जास्त जळतं. आमच्या चकत्यांच्या मागे कोणी नाही. मोटर मोठीला कायम १,२००ला धरून ठेवू शकणारी दणकट असती तर छोटी पण १,२००ला पोचली असती आणि उष्णता झाली असती अर्धा गुणिले छोटीचा इनर्शिया गुणिले फरकाचा वर्ग, म्हणजे ८३० ज्यूल, आणि त्याशिवाय छोटीची वाढलेली एनर्जी मोटरनेच विजेच्या बिलातून दिली असती. म्हणून गणित सोडवण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारायचा की मोटर सुटलीय का.

स्प्रिंगचा जोर मग करतो काय? वेळ ठरवतो. आमच्या लायनिंगची रिंग आतून ६० मिमी, बाहेरून ९० मिमी त्रिज्येची, सरासरी ७५. स्प्रिंगचा दाब ४०० न्यूटन, गुणांक ०.३ धरला, घासणारी बाजू एकच, तर टॉर्क ०.३ गुणिले ४०० गुणिले ०.०७५, म्हणजे ९ न्यूटन-मीटर. कागदावरच्या गुणांकावर माझा विश्वास नसतो म्हणून तपासलं पण: मोठी चकती लाकडी पाचर मारून अडवली, छोटीच्या कडेला दोरी गुंडाळून ताणकाटा लावला आणि हळूहळू ओढलं. सुटताना काटा सातच्या वर गेला, पण सरकायला लागल्यावर ६ किलोच्या जरा वर टिकून राहिला, तोच घ्यायचा कारण आपल्याला घसरतानाचं घर्षण हवंय, चिकटून बसलेलं नको. ६.१ किलो म्हणजे ६० न्यूटन, गुणिले ०.१५ मीटर, ९ न्यूटन-मीटर.

या टॉर्कने मोठी उतरते आणि छोटी चढते, दोघींना भेटायला लागतो

```
t = I₁I₂/(I₁+I₂) · (ω₁ − ω₂) / T
```

आकडे टाकले की १.४९ सेकंद. तेवढ्या वेळात एक चकती दुसरीवरून किती घसरली, तर फरक एकसारखा कमी होत शून्यावर येतो म्हणून सुरुवातीच्या फरकाचा अर्धा गुणिले वेळ, ७० रेडियन, म्हणजे ११ फेऱ्यांच्या जरा वर. हे डोळ्यांनी बघता येतं! दोन्ही चकत्यांच्या कडेवर खडूने एकेक पांढरी रेघ मारली, एका पोराच्या मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन लावला आणि नंतर टेबलावर बसून मोजलं की मोठीची रेघ छोटीच्या रेघेला किती वेळा मागे टाकते. पहिल्या फेऱ्या पटापट, मग हळू, शेवटची तर इतकी रेंगाळत की वाटतं पोचणारच नाही. अकरा झाल्या, बारावीला जरा पुढे सरकून थांबली. आता ७० रेडियनला ९ न्यूटन-मीटरने गुणा. ६३०. ज्या ६३१ ज्यूलचा शोध चालला होता ते खडूच्या रेघा मोजून सापडले, आणि या वाटेत ना इनर्शिया लागला ना शेवटचा स्पीड. मागच्या बाकावरचा पोरगा इथे गप्प झाला.

एकाने चकतीला हात लावून बघितला आणि म्हणाला सर गरम तर काहीच नाही. नसणारच. ६३१ ज्यूल ४६ किलो स्टीलमध्ये पसरले तर तापमान अंशाच्या शंभराव्या भागात वाढतं, तीन शतांश वगैरे. पण ती पसरायच्या आधी लायनिंगच्या पातळ थरातच असते, म्हणून हाताला गार आणि नाकाला मात्र तो जळका वास.

मग पोरांच्या हट्टाखातर छोटी उलट्या दिशेने ३००ला फिरवून सोडली. सूत्रात एकच बदल, तिचा स्पीड उणे. ७१०.४मधून ५६.१ गेले, भागिले ०.७७९, शेवटचा स्पीड ८४०. स्पीडचा फरक आता ९००चा नाही तर १,५००चा, आणि त्याचा वर्ग होतो म्हणून उष्णता ६३१वरून एकदम १,७५३ ज्यूल. वेळ अडीच सेकंद. व्हिडिओत छोटी चकती साधारण ०.६५ सेकंदाला क्षणभर पूर्ण थांबलेली दिसते, खडूची रेघ अगदी स्पष्ट, आणि मग ती उलटी फिरून मोठीच्या मागे धावते. उणे चिन्ह विसरणारे दर बॅचला निघतात, त्यांना मी आता हा व्हिडिओच दाखवतो.

असे वीस-पंचवीस वेळा उलट-सुलट खेळ झाल्यावर एक गंमत झाली. सरळ दिशेचाच पहिला प्रयोग परत केला तर घासण्याचा वेळ दीड सेकंदाऐवजी सव्वादोन निघाला. पोरं म्हणाली सर बिघडलं. शेवटचा स्पीड उतारासकट मागे नेऊन काढला, तोच, ९८३-९८४. रेघा मोजल्या तर या वेळी सोळा भरून सतराव्यात. लायनिंग उघडून बघितलं तर वर काळपट चकाकी आलेली, काचेसारखी, म्हणजे ते ग्लेझ झालं होतं. ताणकाट्यावर सरकताना ६ऐवजी ४ किलोच दिसले, म्हणजे टॉर्क ९वरून ६वर. ६ गुणिले १०५ रेडियन, परत ६३०. पॉलिश पेपर मारून ती चकाकी काढली, कपड्याने पुसलं, आणि पुढच्या वेळी घर्र आवाज परत दीड सेकंदात थांबला.